तुझा ड्राफ्ट वाचला, आता धमक्या काढून पुन्हा लिहूया

प्रिय,

काल रात्री नोटिशीच्या उत्तराचा तुझा ड्राफ्ट वाचला. घरमालकाच्या वकिलाची नोटीसही शेजारी ठेवून दोनदा वाचली. तुला राग आलाय हे प्रत्येक ओळीत दिसतं, आणि तो राग चुकीचा नाहीये. म्हातारा माणूस चाळीस वर्षं एका खोलीत राहतोय आणि त्याला पंधरा दिवसांत खोली खाली करा म्हणून नोटीस येते, वर नळाचं पाणी बंद करतात, राग येणारच. पण हे उत्तर समोरच्या वकिलासाठी लिहितोय असं समजू नकोस. ते उद्या दाव्यात कागद म्हणून दाखल होणारे, तुझ्या अशिलाच्या उलटतपासणीत त्याच्यासमोर धरलं जाणारे, आणि जज साहेब ते वाचतील तेव्हा तुझ्या अशिलाबद्दलचं त्यांचं पहिलं मत त्या कागदावरूनच बनणारे.

माझं एक सांगतो. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी मीही असंच उत्तर पाठवलं होतं, 'तुमच्या पक्षकारास तुरुंगाची हवा दाखवल्याशिवाय आम्ही स्वस्थ बसणार नाही' असं वाक्य घालून. नंतर त्याच भाडेकरूसाठी पाणी परत चालू करून मिळावं म्हणून आम्ही अर्ज केला, आणि समोरच्या वकिलांनी उभं राहून दुसरं काही न बोलता तेवढं एकच वाक्य वाचून दाखवलं. पाणी कोणी आणि का बंद केलं हा मुद्दा बाजूलाच राहिला, अर्धा तास माझ्या भाषेवर गेला. आदेश मिळाला, पण तीन तारखांनंतर, आणि त्या तीन तारखा माझ्या अशिलाने बादल्या वाहत काढल्या. ते मी आजही विसरलेलो नाही.

आता तुझ्या ड्राफ्टकडे येऊ. साडेतीन पानं आहेत, त्यात भाड्याबद्दल किती ओळी आहेत मोजून बघ. दोनच. 'भाडे थकल्याचा आरोप खोटा, बनावट व बदनामीकारक असून तो साफ नाकबूल आहे', एवढंच. आणि नोटिशीचा सगळा जोर तर तिथेच आहे ना! फेब्रुवारी ते मे असे चार महिने भाडं दिलं नाही असं ते म्हणतात. तुझ्या अशिलाचं पासबुक मी पाहिलं, फेब्रुवारी आणि मार्चचं भाडं बँकेतून गेलंय, तारखेसकट दिसतंय. एप्रिलचं गेलेलं नाही, पण बाथरूमची भिंत पाझरत होती म्हणून त्याने 12 मार्चला व्हॉट्सअ‍ॅपवर मालकाला कळवलं, मालकाचं 14 मार्चला उत्तर आलं की करून घ्या, एका महिन्याच्या भाड्यात वळतं करू, आणि गवंड्याचं बिल जवळपास तेवढंच आहे. राहिला मे. मेचं भाडं खरंच दिलेलं नाहीये, आजारपणात राहून गेलं असं तो स्वतः तुझ्यासमोर म्हणाला.

म्हणजे 'साफ नाकबूल' हे वाक्य चारपैकी एका महिन्यापुरतं खोटं आहे, आणि समोरचा वकील त्या एका महिन्यावरच बोट ठेवणार. मग बाकीचे तीन महिने खरे असूनही संशयात येतात. मला वाटतं तू धमक्या लिहिल्यास त्या या एका महिन्यामुळेच, आपली बाजू जिथे कच्ची असते तिथे आपला आवाज आपोआप चढतो, मी स्वतःतच ते पाहिलंय.

तेव्हा तो परिच्छेद असा लिही: 'नोटिशीतील परिच्छेद क्र. 3 मधील मजकूर पुढीलप्रमाणे वगळता नाकबूल आहे. फेब्रुवारी व मार्च महिन्यांचे भाडे माझ्या पक्षकाराने बँकेमार्फत आपल्या पक्षकाराच्या खात्यात जमा केले असून खातेउताऱ्याची प्रत सोबत जोडली आहे. एप्रिल महिन्याचे भाडे आपल्या पक्षकाराच्या दि. 14 मार्चच्या लेखी संमतीनुसार दुरुस्तीच्या खर्चात वळते करण्यात आले आहे, त्या संदेशाची व बिलाची प्रत सोबत आहे. मे महिन्याचे भाडे आजारपणामुळे वेळेत देता आले नाही, ते या उत्तरासोबत चेकने पाठवत आहोत.' बस. वाचून बघ, यात कुणाला एक वाईट शब्द नाही, पण मालकाच्या वकिलाला आता चार महिन्यांची गोष्ट सांगता येत नाही.

आणि मेचा चेक खरंच सोबत पाठव, फक्त 'द्यायला तयार आहोत' असं लिहून सोडू नकोस. अशील जुना भाडेकरू आहे, लीव्ह अँड लायसन्सवर नाही, हे तू आधी तपासलंस ते फार बरं केलंस, कारण लायसन्स असतं तर मुदत संपल्यावर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 24 लागलं असतं आणि आपली सगळी मांडणी बदलली असती. इथे त्याच कायद्याचं कलम 15 कामाला येतं. भाडं थकलं म्हणून ताबा मागायचा तर मालकाला आधी थकबाकीची लेखी मागणी करावी लागते आणि त्यानंतर 90 दिवस थांबावं लागतं, त्याआधी त्या कारणावर दावा लावताच येत नाही. नोटीस 7 जूनला मिळालीये, पाकिटावरची तारीख आणि पोस्टाचा शिक्का जपून ठेव. म्हणजे पंधरा दिवसांची मुदत या कारणापुरती कायद्यात बसत नाही, आणि ते तू एका वाक्यात, कलमासकट, शांतपणे लिहू शकतोस. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत सगळी थकबाकी 15 टक्के सरळ व्याजासह भरायची एक संधी कायदा देतो, पण ती शेवटची दोरी आहे, तिच्यावर आत्तापासून लटकायचं नाही. मालकाने चेकचा लिफाफा न घेता परत पाठवला तर तो न फोडता फाईलला लाव. भाडं द्यायची तयारी होती आणि घेतलं गेलं नाही, हे त्याच्याइतकं नीट दुसरं काही सांगत नाही.

संमतीशिवाय पार्टिशन घातल्याच्या आरोपावर तू पूर्ण एक पान खर्च केलंयस आणि त्यात मालकाच्या स्वभावाबद्दल बरंच काही आहे, ते सगळं काढ. कलम 16 मध्ये मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर ताबा मागता येतो असं आहे, पण त्याच्याच स्पष्टीकरणात लाकडी पार्टिशन कायमच्या बांधकामात धरलेलं नाही, फक्त जिथे लागते तिथे पालिकेची परवानगी असावी लागते. तेव्हा परवानगीचं काय ते अशिलाला आधी विचारून घे, मग पार्टिशन कशाचं आहे, कधी घातलं, भिंतीला कसं जोडलंय हे लिही आणि दोन फोटो लाव. तीन वाक्यं पुरेत.

आता पाण्याचं. इथे तुझं वाक्य आहे, '24 तासांत पाणी सुरू न केल्यास तुमच्या पक्षकारावर फौजदारी गुन्हे दाखल करून त्यांना धडा शिकवू'. मला माहितीये तुला इथेच सगळ्यात जास्त राग आलाय, आणि हाच मुद्दा आपला सगळ्यात बळकट आहे, म्हणूनच तो बिघडवू नकोस. धमकी आणि कायदेशीर सूचना यातला फरक शब्द किती गोड आहेत यावर ठरत नाही. आपला हक्क काय, त्यासाठी कुठलं दार उघडं आहे, आणि आपण ते कधी ठोठावणार, हे सांगणं म्हणजे सूचना. आणि मूळ वादाशी संबंध नसलेल्या कशाची तरी भीती घालून समोरच्याला वाकवायला बघणं म्हणजे धमकी. गुन्हा घडलाय असं खरंच वाटत असेल तर अशिलाला घेऊन जा आणि तक्रार दे, ती उत्तरात टांगती ठेवायची गोष्ट नाही, कारण एकदा टांगती ठेवलीस की समोरचा म्हणणार ही तक्रार सौदेबाजीसाठी केलीये.

मी असं लिहिलं असतं: 'दि. 10 जूनपासून माझ्या पक्षकाराच्या खोलीतील नळाचा पाणीपुरवठा बंद करण्यात आला आहे. अत्यावश्यक सेवा तोडण्यास कायद्याच्या कलम 29 ने मनाई आहे. हा पुरवठा हे उत्तर मिळाल्यापासून तीन दिवसांत पूर्ववत करावा. तसे न झाल्यास माझ्या पक्षकारास त्याच कलमान्वये सक्षम न्यायालयात अर्ज करावा लागेल.' आणि चौथ्या दिवशी अर्ज तयार असला पाहिजे हां. जे करणार नाही ते लिहायचं नाही, आणि लिहिलं की त्या दिवशी करायचं. ठाम म्हणजे माझ्या लेखी एवढंच.

अजून एक, तू वर डाव्या कोपऱ्यात 'विदाउट प्रेज्युडिस' टाकलंयस. सवयीने टाकतात सगळे. पण तो शब्द तडजोडीच्या बोलण्यासाठी असतो, ते बोलणं पुराव्यात येऊ नये म्हणून. हे उत्तर तर आपल्यालाच उद्या कोर्टात दाखवायचंय, मग ते झाकायचं कशाला. मालकाशी मिटवायची बोलणी करायची असतील, आणि मला वाटतं दुरुस्तीपुरती करावीत, तर ते वेगळं पत्र काढ आणि तो शब्द तिथे घाल. या उत्तराच्या शेवटी 'माझ्या पक्षकाराचे सर्व हक्क राखून ठेवण्यात येत आहेत' एवढं वाक्य ठेव. 'खर्चाची व परिणामांची सर्वस्वी जबाबदारी तुमच्यावर राहील' वगैरे नको, त्याने काहीही होत नाही.

'बनावट', 'कुटील', 'गुंड प्रवृत्तीचे' हे शब्द शोधून शोधून काढ, ड्राफ्टमध्ये मला अकरा सापडले. ज्या परिच्छेदातून शब्द काढल्यावर काहीच उरत नाही तो परिच्छेदच काढ. उत्तर दीड पानात बसेल.

मग अशिलाला बोलावून प्रत्येक परिच्छेद वाचून दाखव, त्याला समजेल अशा मराठीत, आणि विचार की यातलं एखादं वाक्य कोर्टात शपथेवर म्हणायला तुम्हाला अवघड जाईल का. तो कुठे थांबला, खाली बघितलं, की पेन तिथे. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज त्याला डिलीट करू देऊ नकोस आणि फोनही बदलू देऊ नकोस, नुसत्या स्क्रीनशॉटवर नंतर भागत नाही, प्रमाणपत्र लागेल. जोडलेल्या कागदांना क्रमांक घाल, पोचपावतीसह पाठव, आणि पाठवण्याआधी नवा ड्राफ्ट मला दाखव, गुरुवारी संध्याकाळी मी ऑफिसलाच आहे.

तुझा,
सिनियर

(पाण्याच्या अर्जाचा मसुदाही त्याच दिवशी घेऊन ये, दोन्ही एकत्र वाचू.)