राजगडावरचा आवाज आणि घरी भरलेला आवाज

प्रश्न: "गडावर बोलतो तेव्हा नुसतं 'काय भारी आहे' एवढंच निघतं. घरी आवाज भरला की इतिहासाचा तास वाटतो. मधलं काय करायचं?"

माझा राजगडाचा व्हिडिओ असाच वाया गेला. संजीवनी माचीवर दोन तटांच्या मधल्या अरुंद बोळात उतरलो, वारा एकदम थांबला आणि तोंडून निघालं, "अरे, भिंतीच्या आत अजून एक भिंत आहे!" घरी आल्यावर ते बालिश वाटलं. मूळ आवाज काढला, लिहिलेली माहिती सहा मिनिटं वाचली आणि कार्डही पुसून टाकलं. मुरुंबदेव हे जुनं नाव, रायगडाआधीची राजधानी, 1659 मध्ये सईबाईंचं निधन, 1670 मध्ये राजाराम महाराजांचा जन्म. चूक काहीच नव्हतं, पण त्यातलं एकही वाक्य समोरच्या भिंतीबद्दल नव्हतं. पुन्हा गेलो तेव्हा ती भिंत मला माहीत होती. तो उद्गार काही परत आला नाही.

आता निघण्यापूर्वी भरपूर वाचतो, पण फोनमध्ये प्रत्येक जागेसाठी एकच ओळ लिहून नेतो, आणि तीसुद्धा तिथे उभं राहून दिसणाऱ्या गोष्टीबद्दलच. सईबाईंची गोष्ट पद्मावती माचीवर, जिथे त्यांची समाधी दाखवतात तिथे. संजीवनीवर फक्त तट.

बोलण्याचा क्रम असा ठेवतो: आधी उद्गार, मग दिसतंय ते, मग स्वतःला पडलेला प्रश्न आणि शेवटी ती ओळ. "मी दोन तटांच्या मधे उभा आहे. बाहेरचा तट पाडून कोणी आत आलाच, तर तो पोचणार कुठे? इथेच, या बोळात. आणि वर बघा, आतल्या तटावरून त्याच्यावर मारा होणार." एवढं बोलून थांबायचं. कॅमेरा दहा सेकंद तटावरून सावकाश फिरू द्यायचा. ऐकणारा ती लढाई स्वतः मनात उभी करतो.

उद्गार धापा टाकत आला तर चालतो, उलट बरा वाटतो. माहितीची ओळ मात्र श्वास जागेवर आल्यावरच बोला. सनावळी उत्साहात हमखास चुकते, म्हणून मी ती तोंडाने सांगतच नाही, पडद्यावर लिहितो. हे माझं मत. सविस्तर इतिहास ऐकायला येणारा प्रेक्षकही असतो, त्याच्यासाठी वेगळा व्हिडिओ करावा.

माचीवरचा वारा साध्या माईकवर नुसता घरघरतो, त्यामुळे केसाळ टोपी घातलेला कॉलर माईक हवाच. शिवाय प्रत्येक ठिकाणी न बोलता अर्धा मिनिट नुसता आवाज टिपून ठेवा. घरी एखादं वाक्य भरावं लागलं तर त्याखाली तो घाला, नाहीतर जोड लगेच कळतो. ते वाक्य उभं राहून, ते दृश्य समोर चालू ठेवून बोला. आणि व्हिडिओ चढवून होईपर्यंत कार्ड पुसू नका.