टेप लावूनही नळ पाझरतोय?

अरे, पान्याने आणखी आवळू नकोस. नळ ज्यात बसतो त्या भिंतीतल्या अर्ध्या इंची वाकड्या जोडात, म्हणजे एल्बोत, पाणी अडवते ती आट्यांमध्ये भरलेली टेफलॉन टेप. जास्त जोर दिलास की ती कापली जाते, आणि एल्बोला बारीक चीर गेली तर टाइल फोडणं आलंच. मेन व्हॉल्व्ह बंद कर, नळ काढ, जुनी टेप पूर्ण खरवड. आट्यांचं तोंड स्वतःकडे धरून, पहिला आटा मोकळा सोडून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून आठ-दहा वेढे दे. उलटे दिलेस तर टेप गोळा होऊन बाहेर येते. नळ सरळ दिसावा म्हणून मागे फिरवलास, तर पुन्हा नवी टेप लाव. हँड शॉवरच्या पाइपाला मात्र टेप नकोच, तिथला रबरी वॉशर बघ.