नको तिथे मोडलेला पाय
तुझ्या गावांच्या यादीत ‘मड्गाव्’ आणि ‘म्हाप्सा’ आलंय, कारण तू बोलतोस तसंच `maDgaav`, `mhaapsaa` टाइप केलंस. रोमन अक्षरांतून देवनागरी लिहायच्या आयट्रान्स पद्धतीत व्यंजनापुढे `a` किंवा दुसरा स्वर नसला की त्याचा पाय मोडतो. `maDagaava`, `mhaapasaa` असं लिही.

आधीचं दुरुस्त करताना मात्र सगळे हलंत, म्हणजे पाय मोडल्याच्या खुणा, एकदम काढू नकोस. ‘पर्वरी’ची ‘परवरी’ होईल, ‘म्हापसा’तला खरा ‘म्ह’ही तुटेल. शब्दाच्या शेवटचा हलंत आधी बघ, तो मराठीत बहुधा चुकीचाच. मधल्यासाठी गोव्यातलं एखादं छापील मराठी दैनिक उघड. कानावर विसंबू नकोस, ‘पसा’ आणि ‘प्सा’ बोलताना जवळजवळ सारखेच येतात. जोडाक्षराच्या मध्ये कर्सर सहसा शिरत नाही, तेव्हा ‘प्सा’ पुसून नव्याने टाइप करणंच सोपं.