रिसेप्शनचा वाचलेला वेळ डॉक्टरांना कसा दाखवायचा?

"दारव्हा-दिग्रसकडच्या दवाखान्यांत अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर दाखवतो. 'रिसेप्शनचा वेळ वाचेल' म्हटलं की डॉक्टर म्हणतात, 'तिला तसंही काय काम असतं?' काय बोलू?"

भाऊ, डेमो नंतर. आधी डॉक्टरांची परवानगी घ्या आणि दोन दिवस काउंटरजवळ बसा, त्यातला एक आठवडी बाजाराचा हवा. कागदावर तीन रकाने पाडा: नंबर लावायचे फोन, "डॉक्टर आले का, कितवा नंबर सुरू आहे" असे चौकशीचे फोन, आणि बाकीचे. फोन आला की रेघ मारायची. खेड्यावरचा पेशंट एसटीच्या वेळेला बांधलेला असतो, त्यामुळे चौकशीचा रकाना बहुतेक सगळ्यात आधी भरतो.

समजा, बाजाराच्या दिवशी चौकशीचे 80 फोन आले. एकाला 40 सेकंद धरले तर 53 मिनिटं होतात. हा आकडा मात्र तसाच डॉक्टरांपुढे ठेवू नका. चालू नंबर मेसेजने कळला तरी निम्मे लोक फोन करतीलच, म्हणजे वाचली साधारण 27 मिनिटं. त्यातून नोंदीचा वेळ वजा करा. वहीत नाव लिहायला 15 सेकंद लागतात, सॉफ्टवेअरमध्ये नवीन पेशंट भरायला 40. दिवसाचे 60 पेशंट असतील आणि सगळेच नव्याने भरावे लागले, तर 25 मिनिटं जास्तीची गेली. हाती काहीच उरलं नाही! पहिल्याच आठवड्यात वही परत उघडते ती यामुळेच.

म्हणून जुन्या पेशंटची नावं आणि मोबाइल नंबर आधीच भरून द्या, ते काम तुमचं. मग जुन्याला 20 सेकंद पुरतात. 45 जुने आणि 15 नवे धरले तर जास्तीचा वेळ 10 मिनिटांवर येतो आणि 17 मिनिटं खरोखर उरतात. शोधताना एक बघा: घरात मोबाइल एकच असतो, त्यामुळे एका नंबरवर सासू, सून, नातू अशी तीन-चार नावं दिसली पाहिजेत. नाहीतर सासूचा नंबर सुनेच्या नावावर लागतो.

आता ही 17 मिनिटं डॉक्टरांच्या कामाला जोडा. मुलगी फोनवर असते तेव्हा पेशंट वजन-बीपी न घेताच आत जातो, जुना केसपेपर सापडत नाही आणि डॉक्टर बेल वाजवत बसतात. त्याच कागदावर हे प्रसंगही मोजा. पगार वाचेल असं चुकूनही बोलू नका. ते काउंटरवर ऐकू गेलं तर ती मुलगी सॉफ्टवेअर हातात धरणार नाही, आणि रोज चालवायचं तर तिलाच आहे.

मेसेजचा खर्च आधीच सांगून टाका. मराठी एसएमएस 70 अक्षरांचा असतो, काना-मात्राही त्यात मोजल्या जातात, आणि वर गेला की दोनचे पैसे लागतात. मजकुराची डीएलटी नोंदणीही, म्हणजे टेलिकॉम कंपनीच्या पोर्टलवर आधी मंजुरी, लागते. "आपला नंबर 24. सध्या 15 सुरू आहे." एवढं पुरे.