सासूबाईंचा वाटा नेमका किती?

प्रश्न : आम्ही पारशी, पुण्यात राहतो. माझे पती मार्चमध्ये वारले. मृत्युपत्र नाही. मागे मी, मुलगा, ठाण्यात मराठी घरात दिलेली मुलगी आणि 84 वर्षांच्या सासूबाई. सासूबाई माझ्या दिरांकडे असतात. सासरे आधीच गेले. फ्लॅट आणि ठेवी मिळून साधारण 70 लाख होतील. सोसायटीत नॉमिनी मी आहे, बँकेत मुलगा. दीर म्हणतात की सासूबाईंना माझ्याइतकाच वाटा द्यावा, आणि मुलीला मुलाच्या निम्मा. ती जातीबाहेर गेली म्हणून तोही मिळेल की नाही सांगता येत नाही. आमचं लग्न दस्तुरजींनी लावलं होतं, पुढे 2003 साली व्हिसासाठी ते रजिस्टर केलं. कोणाला किती जाईल?

उत्तर : बाई, आधी ते 2003 सालचं विवाहाचं सर्टिफिकेट बाहेर काढा. व्हिसाचं काम झालं की हा कागद फाइलमध्ये पडून राहतो, पण तुमच्या घरात सासूबाईंना काही मिळणार की नाही हे त्याच्यावरच ठरेल. वरच्या ओळीत कोणत्या कायद्याचं नाव छापलं आहे ते बघा. पारशी विवाह व घटस्फोट कायदा 1936 असेल, किंवा महाराष्ट्राचा 1998 चा विवाह नोंदणीचा कायदा असेल, तर काही बदलत नाही. वारसा पारशी नियमांनीच चालेल. मात्र तिथे विशेष विवाह कायदा 1954 लिहिलं असेल, तर मामला वेगळा. त्या कायद्याखाली आधी झालेल्या लग्नाचीही नोंद करता येते, आणि तशी नोंद झाली की ते लग्न त्याच कायद्याखाली लागलं असं धरतात. त्याच कायद्याच्या कलम 21 नुसार अशा माणसाच्या मिळकतीला भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं पारशांसाठीचं खास प्रकरण लागूच होत नाही. नवराबायको दोघंही पारशी असले तरी नाही.

माझ्याकडे एक कुटुंब असंच आलं होतं. वर्षभर आईच्या वाट्यावर भांडण चाललेलं, आणि तिसऱ्या बैठकीत मुलीने पिशवीतून घडी पडलेलं सर्टिफिकेट काढलं. विशेष विवाह कायदा! झालेली सगळी बोलणी तिथेच निकामी ठरली.

तुमचं लग्न पारशी कायद्यातच राहिलं आहे असं आधी धरू. मग 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम 51 लागतं. पत्नी आणि प्रत्येक मूल यांना सारखा वाटा, आणि आईवडिलांपैकी जे हयात असतील त्यांना प्रत्येकी एका मुलाच्या निम्मा. हिशेब सोपा ठेवायचा तर पूर्ण वाट्याला दोन भाग धरा आणि आईला एक. तुमचे दोन, मुलाचे दोन, मुलीचे दोन, सासूबाईंचा एक, असे सात भाग झाले. 70 लाखांत एक भाग 10 लाखांचा, म्हणजे तुम्हा तिघांना 20-20 लाख आणि सासूबाईंना 10. सासरे असते तर आठ भाग पडले असते. इथे लोक एक चूक हमखास करतात : 'निम्मा' म्हटलं की मिळकतीचा निम्मा समजतात, नाहीतर आईचा वाटा विधवेच्या वाट्यातून कापतात. तो सगळ्यांच्या आधी बाजूला काढायचा नसतो आणि तुमच्या एकटीच्या ताटातूनही द्यायचा नसतो. सगळ्यांसोबतच तो मोजायचा. आता सर्टिफिकेट विशेष विवाह कायद्याचं निघालं, तर तुम्हाला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश दोन मुलांना सारखे, म्हणजे प्रत्येकी साधारण 23 लाख 33 हजार, आणि सासूबाईंना काहीही नाही.

मुलीबद्दल दीर सांगतात ते मनाचं नाही, जुन्या कायद्याचं आहे. 1865 च्या पारशी कायद्यात मुलाला मुलीच्या चौपट आणि विधवेला मुलीच्या दुप्पट मिळत होतं. 1939 मध्ये विधवा मुलाच्या बरोबरीला आली, मुलगी निम्म्यावर राहिली. घरातल्या मोठ्यांच्या डोक्यात तोच हिशेब बसलेला असतो. 9 डिसेंबर 1991 पासून दुरुस्ती लागू झाली आणि मुलगा-मुलगी सारखे झाले. त्या तारखेआधी वारलेल्या माणसाच्या मिळकतीला मात्र जुनाच नियम लागतो. म्हणून फ्लॅटचे कागद सासऱ्यांच्या नावावर तर नाहीत ना, हे एकदा तपासा. मुलीने कोणाशी लग्न केलं याचा तिच्या वाट्याशी संबंध नाही. कायदा 'मूल' म्हणतो, त्याच्या सोयरिकीबद्दल काही विचारत नाही. तिने पारशी मुलाशी लग्न केलं असतं तरी 20 लाखच आले असते, आताही तेवढेच येतात. यावर बैठकीत तडजोड करू नका.

आता ते 70 लाख खरोखर सगळे पतींचेच होते का? फ्लॅटच्या करारात खरेदीदार म्हणून तुमचंही नाव असेल आणि पैसे तुम्हीही घातले असतील, तर तुमचा हिस्सा वाटपात येतच नाही. फक्त पतींचा हिस्सा सात भागांत जातो. उरलेलं कर्ज आणि अंत्यविधीचा खर्चही आधी वजा होतो. पारशांत हिंदू एकत्र कुटुंबासारखी वडिलोपार्जित मिळकत नसते, त्यामुळे जन्माने हक्क वगैरे वाद इथे येत नाहीत.

नॉमिनी असल्याने तुम्ही फ्लॅटच्या आणि मुलगा ठेवींचा मालक होत नाही. सोसायटी तुम्हाला तात्पुरतं सदस्य करून घेईल, बँक मुलाच्या हाती रक्कम देईल, पण दोघांनीही ते वारसांसाठी सांभाळायचं. मुलाने ठेवी मोडून स्वतःच्या खात्यात टाकल्या असतील तर रकमांची नोंद आजच लिहून ठेवा. सोसायटीला कायमचं नाव चढवण्यासाठी कौटुंबिक व्यवस्थेचा लेख किंवा कोर्टाचा वारस दाखला लागेल. शेअर किंवा नॉमिनी नसलेल्या ठेवी असल्या तर उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकतं.

सासूबाईंचा 10 लाखांचा वाटा पती गेले त्याच क्षणी त्यांचा झाला. त्यांनी तो मागितला नाही म्हणून तो तुम्हाला मिळत नाही. त्या मृत्युपत्र न करता गेल्या, आणि तुमचे पती व दीर एवढीच दोन मुलं असतील, तर निम्मे दिरांकडे जातील आणि निम्मे तुमच्या पतींच्या शाखेत येऊन तुम्हा तिघांत सारखे वाटले जातील. (त्याआधी तुम्ही पुन्हा लग्न केलं तर मात्र त्यातला तुमचा हिस्सा जातो.) सासूबाई दिरांच्याच नावाने मृत्युपत्र करू शकतात, हेही मनात ठेवा. त्यांना वाटा सोडायचा असेल तर तोंडी 'मला काही नको' किंवा नोटरीचा कागद चालणार नाही. फ्लॅटमधल्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. 84 व्या वर्षी सही घेताना डॉक्टरांचा दाखला सोबत ठेवा आणि त्यांना हा हिशेब त्यांच्या भाषेत, गुजरातीत, समजावून सांगा, दिरांच्या समोर. तसं न करता घेतलेली सही पुढे कोर्टात पहिली आव्हानात पडते.