बेंबी की जांघ: केसपेपरवर काय लिहिलंय?

प्रश्न: माझा मुलगा साडेसात महिन्यांतच जन्मला. त्याची बेंबी फुगायची. तिसऱ्या महिन्यात रडला की उजव्या जांघेतही फुगवटा दिसू लागला. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी दोन्हीसाठी ‘वर्षभरात आपोआप बसेल’ असं सांगितलं. पाचव्या महिन्यात एका रात्री जांघेतली गाठ टणक झाली, उलट्या झाल्या. सकाळी दुसऱ्या हॉस्पिटलात तातडीने ऑपरेशन झालं, उजवा अंडकोष काढावा लागला. याला 21 महिने झाले. केस होते का?

उत्तर: होते, पण तुमच्या हातात आता फक्त तीन महिने आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. तुमच्या बाबतीत ती ऑपरेशनच्या तारखेपासून मोजली जाईल, असंच धरून चाला. उशीर माफ करण्याची सोय आहे, पण ‘धक्क्यात होतो’ एवढ्या कारणावर ती मिळेलच असं नाही. नोटीस पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका, नोटिशीने मुदत थांबत नाही.

हे झालं कॅलेंडरचं. केस मात्र ठरणार आहे एका कागदावर: तिसऱ्या महिन्यातल्या भेटीचा ओपीडीचा केसपेपर. त्यावर ‘बेंबी’ एवढंच लिहिलंय की ‘जांघ’सुद्धा?

बेंबीचा हर्निया हा बहुतेक बाळांत निरुपद्रवी असतो. बेंबीखालचं भोक वाढत्या वयात आपोआप मिटतं, आतडं अडकणं दुर्मीळ, म्हणून सर्जन साधारण चार-पाच वर्षांपर्यंत थांबतात. तिथे ‘वाट बघा’ हा योग्य सल्ला आहे, आणि योग्य सल्ल्यावर निष्काळजीपणाची केस उभी राहत नाही. (बेंबीवर नाणं बांधलं असेल तर ते तक्रारीतही लपवू नका. त्याने भोक मिटत नाही, कातडी मात्र सोलवटते.)

जांघेतल्या हर्नियाचं असं नसतं. पोटातून अंडकोषाकडे उतरणारी नळी जन्माच्या सुमारास बंद व्हायची, ती उघडी राहिली की त्यातून आतडं खाली सरकतं. ही नळी आपोआप मिटेल म्हणून वाट बघत नाहीत, निदान झालं की लवकर ऑपरेशन ठरवतात. आतडं अडकण्याची भीती पहिल्या वर्षात जास्त, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांत आणखी. अडकलं की अंडकोषाचा रक्तपुरवठाही दाबला जातो.

म्हणजे केसपेपरवर ‘रडताना उजव्या जांघेत सूज’ आणि पुढे ‘थांबा’ असेल, सर्जनकडे पाठवल्याची नोंद नसेल, तर डॉक्टरांना बचाव करणं जड जाईल. नुसतं ‘बेंबीचा हर्निया, काळजी नको’ असेल तर ते म्हणतील, जांघ मला दाखवलीच नाही. एक बचाव मात्र असू शकतो: ‘ते अंडकोषाभोवतीचं पाणी वाटलं.’ पाणी असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबतातही. पण रडल्यावर येणारी आणि शांत झाल्यावर जाणारी सूज हर्नियाकडेच बोट दाखवते, आणि बॅटरीचा उजेड पाडून सूज उजळली तर पाणी समजायचं, ही खूण तान्ह्या बाळात फसवी ठरते, कारण आतडंही उजळतं. हा मुद्दा बालशल्यचिकित्सकाकडून लेखी घ्या. दुसऱ्या सर्जनने तोंडी ‘आधीच करायला हवं होतं’ म्हटलं असेल, तर ग्राहक आयोगापुढे त्याला किंमत नाही.

तुमचा केसपेपर हरवलाय असं मी गृहीत धरतो, कारण अशा पत्रांत तो नेहमीच हरवलेला असतो. आजच दोन्हीकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागणीनंतर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. मात्र तीन वर्षं जपण्याचं बंधन भरती रुग्णांच्या नोंदींपुरतं आहे, त्यामुळे ओपीडीचा कागद मिळेलच असं नाही. तो नसेल तर फोन शोधा: जांघेतला फुगवटा दिसणारा फोटो, डॉक्टरांना पाठवलेला मेसेज. फोन बदलू नका, विकू नका.

आता तुम्हाला न आवडणारा प्रश्न: त्या रात्री गाठ किती वाजता टणक झाली? शांत बाळातही आत न जाणारी, दुखणारी, लाल होणारी गाठ, त्यात हिरवट उलटी, पोट फुगणं: यात सकाळ उजाडेपर्यंत थांबायचं नसतं, दूधही पाजायचं नसतं. बेंबीची गाठ अशी झाली तरी तेच. समजा अकराला सुरुवात आणि सातला हॉस्पिटल, तर समोरचा वकील त्या आठ तासांवरच बोलेल. तुमचं उत्तर एकच: ही लक्षणं दिसली तर लगेच या, असं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. केसपेपरवर तशी सूचना नसेल तर हे उत्तर टिकेल. डिस्चार्ज कार्डावरची दाखल होण्याची वेळ आणि आतड्याची, अंडकोषाची ऑपरेशनमधली अवस्था याला जुळवून पाहा.

पोलिसांत जाऊ नका. फौजदारीसाठी निष्काळजीपणा घोर असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये स्पष्ट केलं आहे. तुमची वाट जिल्हा ग्राहक आयोगाची, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यातली. तक्रार मुलाच्या आणि तुमच्या, दोघांच्या नावे करा: आईवडीलही ग्राहक ठरतात, हे 1998 पासून मान्य आहे. फी दिल्याच्या पावत्या जोडा. फुकट तपासणी होती असं निघालं तर ‘सेवा’ होती का, यावरच तारखा पडत राहतील, आणि तारखा किती पडतात ते मला विचारू नका.