221(जी) ची चिठ्ठी मिळाल्यावर सुरुवातीची तारीख कशी ठरवावी

प्रश्न: नाशिकची आहे. अमेरिकेत रोबोटिक्समध्ये पीएचडीला प्रवेश मिळालाय. 2 जुलैला मुंबईत व्हिसाची मुलाखत झाली, तिथे 221(जी) ची, म्हणजे व्हिसा तूर्त थांबवून आणखी तपासणी करणार असल्याची, चिठ्ठी देऊन बायोडेटा आणि संशोधनाचा आराखडा मागितला. वर्ग 24 ऑगस्टला सुरू होतात. तिकीट काढू का?

तिकीट काढू नका, वसतिगृहाची परत न मिळणारी रक्कमही आत्ता भरू नका. ऑनलाइन स्थितीत Refused दिसेल, पण तपासणी चालू असतानाही तोच शब्द दिसतो. तो अंतिम नकार नाही.

रोबोटिक्स संवेदनशील तंत्रज्ञानात मोडतं. अशा प्रकरणात वकिलात वॉशिंग्टनचं मत मागवते आणि ते येईपर्यंत मुंबईतला अधिकारी व्हिसा देऊ शकत नाही. म्हणून रोज ईमेल करून वेग वाढत नाही. तुमच्या हातात कागद आहेत, ते एकदाच आणि पूर्ण पाठवा.

आराखड्यात ‘स्वयंचलित यंत्रणांवर संशोधन’ एवढंच लिहिलं तर पुन्हा खुलासा मागतात आणि आठवडे जातात. कोणता रोबो, कशासाठी, मार्गदर्शक कोण, पैसा कुठून येतो, निकाल प्रसिद्ध होणार का, हे साध्या भाषेत लिहा. उदाहरणार्थ, ‘द्राक्षबागेत घड मोजणारा कॅमेरा’ हे परीक्षकाला लगेच कळतं. प्रकल्प खरा असेल तसाच लिहा. बायोडेटा, व्हिसा अर्ज आणि आय-20 या विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या कागदातला विषय जुळायला हवा.

आता तारखा. किती दिवस लागतील याची हमी कोणी देत नाही. नियोजनासाठी मी साठ दिवस धरते. 2 जुलैपासून साठ दिवस म्हणजे 31 ऑगस्ट. पासपोर्ट मुंबईत देऊन परत मिळणं आणि प्रवास यांना दहा दिवस धरले, तर 10 सप्टेंबर. म्हणजे 24 ऑगस्ट गाठणं अवघड आहे. (मुलाखत 4 मे ला झाली असती तर साठ दिवस 3 जुलैला संपले असते. एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा अभ्यासक्रमाच्या सुरुवातीच्या 365 दिवस आधीपर्यंत मिळू शकतो, त्यामुळे अशा विषयांत आय-20 आल्या आल्या मुलाखतीची वेळ घ्यावी.)

आजच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा: उशिरा पोचण्याची शेवटची तारीख कोणती? ती 10 सप्टेंबरच्या आधीची असेल आणि 17 ऑगस्टपर्यंत व्हिसा आला नाही, तर जानेवारीची सुरुवात मागा. ही विनंती 24 च्या आधीच करा. सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली तुमची नोंद रद्द होण्याआधी तारीख बदलली तर सेव्हिस क्रमांक तोच राहतो आणि सेव्हिसची फी पुन्हा भरावी लागत नाही. नोंद रद्द झाली की नवा क्रमांक घ्यावा लागतो. नवा आय-20 आला की तो वकिलातीला पाठवा. चालू तपासणीसाठी नवा अर्ज करावा लागत नाही.

मात्र बरेच विभाग पीएचडीला फक्त ऑगस्टमध्ये घेतात. म्हणून त्याच दिवशी मार्गदर्शकांनाही स्वतंत्रपणे विचारा, की जानेवारीत आल्यास प्रवेश आणि सहायकपदाचं वेतन दोन्ही राहील का. होकार मिळाला तर लेखी घ्या, कारण नव्या आय-20 साठी विद्यापीठ पैशांचा पुरावा मागेल.